छोट्या पार्लरमध्ये उजेड, हवा, आवाज आणि बसायची जागा: दहा हजारांच्या आत, योग्य क्रमाने

आखाजीच्या महिनाभर आधीपासून मला पार्लरवाल्या मैत्रिणींचे फोन यायला लागतात. सासुरवाशिणी माहेरी येणार, त्यातच लग्नसराई, म्हणून पार्लर जरा नीट करायचं असतं. आणि जवळजवळ प्रत्येकीने तोवर तीन वस्तू घेतलेल्या असतात: सुगंधाचा डिफ्यूझर, ब्लूटूथ स्पीकर आणि आरशाभोवती लावायची स्ट्रिप लाइट. पैसे गेलेले असतात आणि बाई मात्र खुर्चीत बसून पदराने वाराच घेत असते.

चूक क्रमाची आहे. आधी त्रास देणारी गोष्ट काढायची आणि मग छान वाटणारी आणायची. डोळ्यांवर येणारा झगझगाट, वॅक्स आणि ओल्या टॉवेलचा वास, स्टूल सरकल्याचा कर्कश आवाज हे तसंच राहिलं, तर त्यावर घातलेला सुगंध आणि संगीत त्रासात भरच घालतात.

खाली सांगते ते एका ठरावीक जागेसाठी आहे. तालुक्याच्या गावातला, रस्त्याला तोंड असलेला 10 बाय 18 फुटांचा गाळा, दोन खुर्च्या, एक फेशियल बेड, एक बेसिन, मागच्या भिंतीला एक झरोका, आणि उन्हाळ्यात कूलर. माझं पार्लर असंच आहे, आणि खान्देशातली बहुतेक पार्लरं थोड्याफार फरकाने अशीच आहेत. माझा एकूण खर्च 9,740 रुपये झाला. हिशेब त्या त्या टप्प्यावर दिला आहे. तुमच्या गावात भाव थोडे इकडेतिकडे होतील.

## तयारी: बाजारात जाण्याआधीचा एक तास

दुपारी एक ते दोनच्या दरम्यान, ऊन सगळ्यात कडक असताना, वही घेऊन ग्राहकाच्या जागी बसा. स्वतःच बसायचं, मदतनीस मुलीला विचारून भागत नाही. दोन्ही खुर्च्यांवर पाच-पाच मिनिटं, फेशियल बेडवर पाठीवर झोपून पाच मिनिटं, बेसिनला मान टेकवून दोन मिनिटं, आणि वाट बघणारी बसते तिथे दहा मिनिटं. कूलर, पंखे, लाइट रोजच्यासारखेच चालू ठेवा.

प्रत्येक जागी तीनच प्रश्न लिहा. डोळ्यांत काय जातंय? कानाला काय खटकतंय? नाकाला काय येतंय?

नाकाच्या बाबतीत एक अडचण आहे. रोजचा वास आपल्या नाकाला दहा-पंधरा मिनिटांत यायचाच बंद होतो. म्हणून वासाची तपासणी सगळ्यात आधी करा. गाळा बंद करून पंधरा मिनिटं बाहेर फिरून या, शटर उघडा आणि पहिल्या दोन श्वासांत जे जाणवेल तेच लिहा. ग्राहकाला रोज तेच जाणवतं.

माझ्या वहीत बेडच्या नोंदीत लिहिलं होतं, "छताची ट्यूब सरळ डोळ्यात." आठ वर्षं मी बायकांना त्या बेडवर झोपवत होते आणि "डोळे मिटून घ्या ताई" म्हणत होते. त्या दिवशी मी स्वतः झोपले तेव्हा मिटलेल्या पापण्यांतूनही उजेड टोचत होता.

## टप्पा 1: वायरमनला एकदाच बोलवायचं

उजेडाचं काम आणि एक्झॉस्ट पंख्याचं काम एकाच दिवशी उरकायचं. दोनदा बोलावलं की मजुरी दोनदा जाते, भिंतही दोनदा खोदावी लागते. त्यामुळे वायरमन यायच्या आधी दोन्हींच्या जागा पेन्सिलने भिंतीवर खुणा करून ठेवा.

आरशाजवळचा उजेड. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. छताला, खुर्चीच्या बरोबर डोक्यावर दिवा असतो. वरून पडणारा उजेड डोळ्यांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली पाडतो. चांगली झोप झालेली बाईसुद्धा आरशात थकलेली दिसते. आयब्रो करतानाही तुमच्याच हाताची सावली तिच्या कपाळावर येते.

उजेड चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्याच उंचीवर हवा. खुर्चीत बसलेल्या बाईचा चेहरा जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतो. म्हणून आरशाच्या डाव्या आणि उजव्या कडेला दोन फुटी, 10 वॅटची एलईडी बॅटन ट्यूब उभी लावा. तिचं खालचं टोक जमिनीपासून तीन फुटांवर आणि वरचं पाच फुटांवर ठेवा. दोन आरशांना चार ट्यूब लागतात. दुधी कव्हर असलेलीच घ्या. उघड्या दाण्यांची स्ट्रिप आरशात ठिपक्यांसारखी दिसते आणि डोळ्यांना बोचते.

रंग कोणता घ्यायचा. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 4000 म्हणजे दुकानदार ज्याला नॅचरल व्हाइट म्हणतात तो, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे न विचारता जी ट्यूब हातात पडते ती बहुधा 6500 ची असते. आरशाजवळ ती नको आणि पिवळीही नको. तिथे 4000 घ्या. त्याच खोक्यावर सीआरआय हा आणखी एक आकडा शोधा. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो. 80 च्या खालची ट्यूब घेऊ नका. मेकअप आणि हेअर कलर जास्त करत असाल तर 90 ची मागवून घ्या. ती गावात पटकन मिळत नाही आणि महागही पडते, पण फक्त आरशाजवळच लागते.

हे मी नुकसान सोसून शिकले. आधी माझ्याकडे छताला निळसर दिवे होते. दुकानदाराने "पार्लरला हेच चालतात" म्हणून दिले होते. एका नवरीचा मेकअप त्या उजेडात केला. आरशात तिचा चेहरा फिकट दिसत होता म्हणून मी गालांवर रंग वाढवत गेले. दुपारी बाराच्या मुहूर्ताला ती मांडवाच्या उजेडात आली, तेव्हा गाल लालभडक दिसत होते. तिच्या मावशीने माझ्याकडे एकदा बघितलं, बोलली काहीच नाही. त्या घरातून परत कोणी आलं नाही.

भिंतीचा रंगही उजेडात मिसळतो. आरशासमोरची, म्हणजे ग्राहकाच्या पाठीमागची भिंत गडद गुलाबी किंवा पोपटी असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो. सगळा गाळा रंगवायची गरज नाही. खुर्च्यांच्या आसपासची भिंत तेवढी मोतिया किंवा फिकट राखाडी करा.

बेड आणि बसायची जागा. या दोन्हीकडे 3000 केल्विनचा 9 वॅटचा एक-एक बल्ब पुरतो. बेडजवळचा बल्ब छताला लावायचा नाही. पायाच्या बाजूच्या भिंतीवर, शेडमध्ये, उजेड भिंतीवर पडेल असा लावा. फेशियलमध्ये जिथे बारीक बघायचं असतं, तिथे क्लिपचा छोटा दिवा बाजूने धरून काम होतं आणि तो नंतर बंद करता येतो. बेडवर थ्रेडिंग करत असाल तर हाच दिवा तिच्या कानाच्या बाजूने ठेवा, कपाळाच्या वरून नाही.

तीन वेगळे स्विच. आरसे, बेड आणि बसायची जागा यांची बटणं वेगळी असली पाहिजेत. एकाच बटणावर सगळं असेल तर फेशियलसाठी उजेड कमी करता येत नाही, कारण शेजारच्या खुर्चीवर कटिंग चालू असतं.

उजेडाचा खर्च: चार ट्यूब 920, दोन बल्ब 220, दोन शेड 500, वायर-बटणं-मजुरी 900. एकूण 2,540 रुपये.

> थांबा. बेसिनजवळ ओल्या हाताला लागेल असं बटण किंवा सॉकेट ठेवू नका. बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून समोर तपासून घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही.

> तपासा. पैसे चुकते करायच्या आधी दोन गोष्टी करा. खुर्चीत बसून फोनने स्वतःचा फोटो काढा. नाकाखाली गडद सावली असेल तर ट्यूब उंच लागली आहे. मग फोनचा स्लो मोशन व्हिडिओ चालू करून ट्यूबकडे धरा. उजेड धडधडताना दिसला तर ती ट्यूब बदलून घ्या. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, पण तासभर बसलेल्या बाईचं डोकं त्याने दुखू शकतं.

## टप्पा 2: वास काढणं

एक्झॉस्ट पंखा त्याच दिवशी बसतो. तो घ्यायचा कसा, याचा साधा हिशेब आहे. 10 बाय 18 चा गाळा, उंची 10 फूट, म्हणजे 1800 घनफूट, म्हणजे साधारण 51 घनमीटर हवा. पंख्याच्या खोक्यावर तो तासाला किती घनमीटर हवा ओढतो ते लिहिलेलं असतं. 500 च्या आसपासचा पंखा घेतला तर गाळ्यातली हवा तासाला जवळजवळ दहा वेळा बदलते. एवढं पुरतं. यापेक्षा मोठा पंखा घरघर करतो आणि मग ती घरघर झाकायला आपण गाणी मोठी करतो.

जागा ठरवताना दोन गोष्टी बघा. पंखा दाराच्या समोरच्या भिंतीवर, उंच हवा, म्हणजे हवा सगळा गाळा ओलांडून जाईल. आणि तो कूलरच्या शेजारी नको. शेजारी असला की कूलरने आत फेकलेली गार हवा पंखा तिथल्या तिथे बाहेर नेतो. वॅक्स हीटर, कलरची ट्रॉली आणि नेलपॉलिश रिमूव्हर पंख्याच्या बाजूला सरकवा. माझ्याकडे वॅक्स हीटर दाराजवळ होता, त्यामुळे सगळा वास आधी बसलेल्या बायकांवरून जायचा. तो मागे नेला त्याला एक रुपयाही लागला नाही.

> तपासा. पंखा चालू करून एक अगरबत्ती पेटवा आणि दारापासून मागेपर्यंत हळूहळू चाला. धूर मागे ओढला गेला पाहिजे. कुठे घुटमळत असेल तर तिथे वास साचतो. बहुतेक वेळा तो कोपरा पडद्यामागचा निघतो. दार घट्ट बंद असताना पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही, म्हणून खाली फट राहू द्या.

आता वासाची मुळं. आमच्याकडे चार सापडली आणि चारही बिनखर्चाची किंवा थोड्या खर्चाची होती.

टॉवेल. तेल, क्रीम आणि घाम धाग्यात साचतो आणि कपाटातून कुबट वास येतो. सुगंधी पावडरने धुतलं तर दोन वास एकत्र होतात. गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, मग नेहमीसारखे धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, ते वापरा. दुकानातच पंख्याखाली दोरीवर टॉवेल वाळवणं बंद करा.

बेसिन. पाइपाच्या वाकलेल्या भागात थोडं पाणी साचून राहतं, ते गटाराचा वास अडवतं. पार्लर बरेच दिवस बंद राहिलं की उन्हाळ्यात ते पाणी आटतं आणि वास वर येतो. रोज सकाळी आल्याबरोबर एक तांब्या पाणी ओता. जाळीतले केस रोज काढा.

कचरा. वापरलेल्या वॅक्सच्या पट्ट्या आणि केस उघड्या टोपलीत ठेवू नका. पायाने उघडणारे झाकणाचे दोन डबे घ्या, एक बेडजवळ, एक खुर्चीजवळ. आणि ते रात्री घरी जाताना रिकामे करा, सकाळी नाही.

कूलर. खान्देशातल्या पार्लरमधला सगळ्यात मोठा वास यातून येतो आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. मागच्या वर्षीचे गवताचे पॅड तसेच ठेवून पाणी भरलं की मातकट, शेवाळी वारा थेट ग्राहकाच्या तोंडावर येतो. होळीनंतर, कूलर काढतानाच पॅड बदला. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या. त्याने वासही जातो आणि डासांची अंडीही. टाकीच्या पाण्यात अत्तर किंवा फिनाइल टाकणाऱ्या आहेत. ते करू नका, कारण ते सगळं श्वासात जातं. पाऊस सुरू झाला की कूलरचं पाणी बंद करा. त्या दिवसांत हवाच दमट असते, कूलर गारवा देत नाही, नुसता चिकचिकाट वाढवतो.

> थांबा. स्मूदनिंग किंवा केराटिनच्या काही उत्पादनांत फॉर्मलडिहाइड असतं. इस्त्री फिरवताना त्याचा धूर निघतो, डोळे चुरचुरतात. त्यावर सुगंध मारणं चुकीचं आहे. पंखा चालू, दार उघडं, आणि त्या वेळात शक्यतो दुसरी अपॉइंटमेंट नको. गरोदर बाई आत बसलेली असेल तर ते काम पुढे ढकला.

या टप्प्याचा खर्च: पंखा 1,500, बसवणावळ 500, दोन डबे 700. एकूण 2,700 रुपये.

यानंतर पूर्ण एक आठवडा जाऊ द्या. कुठलाही सुगंध आणू नका. आठव्या दिवशी पुन्हा बाहेर पंधरा मिनिटं फिरून या. दोन श्वासांत काहीच जाणवलं नाही तर पुढे जा, काही जाणवलं तर ते मूळ शोधा.

## टप्पा 3: आवाज, आधी नको असलेला

संगीत लावण्याआधी दुकानात स्वतःचा आवाज किती आहे ते ऐका. लोखंडी स्टूल फरशीवरून ओढला की दातांवर शहारा येतो. त्याच्या पायांना रबरी बूच लावा, मेडिकलमध्ये काठीच्या टोकाला लावायचे मिळतात ते बसतात. कूलर थरथरत असेल तर त्याच्या पायांखाली जुन्या टायरट्यूबचे तुकडे सरकवा. एवढ्यानेच पार्लर निम्मं शांत होतं.

मग स्पीकर. एक मोठा नको, एक लहान पुरतो. 1,200 रुपयांचा माझा आहे. तो बसायच्या जागेजवळ, डोक्याच्या वर, भिंतीकडे थोडा वळवून ठेवा. खुर्चीजवळ ठेवू नका. तिथे ड्रायर चालतो आणि ड्रायरच्या वर आवाज काढायचा म्हणून आपण बटण वाढवत जातो. ड्रायर चालू असताना गाणं ऐकू आलं नाही तरी चालतं, तो बंद झाला की येईल.

किती आवाज हवा, याचं माप सोपं आहे. तीन फुटांवर उभ्या असलेल्या मुलीला तुम्ही आवाज न चढवता "कापूस दे" म्हणालात आणि तिला पहिल्यांदाच कळलं, तर ठीक. पुन्हा म्हणावं लागलं तर दोन बटणं खाली.

स्पीकर स्वतःच्या फोनला जोडू नका. माझ्या मदतनीस मुलीने जोडला होता. एका बाईच्या चेहऱ्यावर पॅक होता, बेडवर शांत पडली होती, आणि मुलीच्या घरून फोन आला. घरातल्या भांडणाची पहिली चार वाक्यं सगळ्या दुकानाने ऐकली. ती पोरगी दिवसभर मान वर करून बोलली नाही. घरातला जुना फोन काढा, सिम काढून टाका, गाणी त्यातच भरून ठेवा. जाहिराती नाहीत, फोन नाही, नेट गेलं तरी बंद पडत नाही.

गाणी कोणती? शब्द नसलेली. बासरी, संतूर, सतार, संथ लयीतली. शब्दांच्या गाण्याला प्रत्येकीची आवड वेगळी असते, आणि दुःखी गाणं लागलं की माहेरी आलेल्या पोरीचे डोळे भरतात, हे मी आखाजीला पाहिलेलं आहे. सकाळी थोडी चपळ लय चालते, दुपारी दोन ते चार अगदी संथ. फेशियल चालू असताना मध्येच यादी बदलू नका.

> थांबा. दुकानात ग्राहकांसमोर ध्वनिमुद्रित गाणी वाजवणं 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली येतं आणि त्याला परवाना लागतो. फोनवरच्या अ‍ॅपचं महिन्याचं सदस्यत्व बहुतेक ठिकाणी घरगुती, वैयक्तिक वापरापुरतंच असतं. एकतर परवाना घ्या, नाहीतर व्यवसायात वाजवायची लेखी परवानगी ज्यासोबत मिळते असं वाद्यसंगीत विकत घेऊन तेच लावा. दोन्ही जमत नसेल तर काहीच लावू नका. शांत पार्लर कोणालाही खटकत नाही.

## टप्पा 4: बसायची जागा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 च्या पुढे जातो. आपल्याकडे येणारी बाई त्या उन्हातून गाडीवर, सनकोट घालून आणि तोंडाला स्कार्फ बांधून येते. म्हणजे बसायच्या जागेचं पहिलं काम तिला उन्हातून बाहेर काढणं हे आहे, सोफा दाखवणं नाही.

ती आत आली की हे सगळं काढून ठेवायला जागा लागते. नसेल तर सनकोट मांडीवर, स्कार्फ हातात, पर्स पायाशी, असं बोचकं घेऊन ती बसते. दाराच्या आत, हाताला लागतील असे पाच मजबूत हूक आणि खाली चपलांचा स्टँड, 450 रुपयांत झालं. त्याला लागून माठ. तोटीचा माठ 350 ला मिळाला. झाकण घट्ट असलेला घ्या, नाहीतर केस उडून पाण्यात पडतात. ग्लास उपडे करून ठेवा आणि पाणी मागायची वाट बघू नका.

बाई आली की तिला लगेच खुर्चीवर घेऊ नका. पाच-सात मिनिटं पंख्याखाली बसू द्या. यात तिची सोय आहेच, आपलंही काम आहे: घामेजलेल्या त्वचेवर वॅक्स नीट धरत नाही, पट्टी पुन्हा ओढावी लागते आणि दुखतं. डोळ्यांनाही वेळ लागतो. रणरणत्या उन्हातून आलेल्या बाईला काही क्षण सगळं काळोखं दिसतं, म्हणून दारापाशी पायरी किंवा उंबरठा असेल तर त्याच्या कडेला पांढरी पट्टी ओढा.

तोंड कुठे करून बसवायचं. वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या आतल्या बाजूला तोंड करून ठेवू नका. चेहऱ्यावर पॅक लावलेली, केसांत फॉइल असलेली किंवा वॅक्स करून घेणारी बाई अनोळखी नजरांसमोर आखडते. बेडपुढे जमिनीपर्यंत पडदा आणि खुर्च्यांपुढे अर्धा पडदा, दांडीसकट 1,400 रुपये. जाड मखमल नको, ती वास धरून ठेवते आणि वारा अडवते. फिकट सुती कापड घ्या, दर पंधरा दिवसांनी धुता येईल असं. पडदा छताला टेकवू नका, वर एक फूट मोकळं सोडा, म्हणजे हवा पंख्याकडे जात राहील.

बसायला काय. नवीन सोफा नको. मऊ सोफ्यात बसलेल्या आजींना उठायला दोघी लागतात. माझ्याकडे जुन्या तीन लाकडी खुर्च्या होत्या, हात असलेल्या. त्यांना नवीन फोम आणि रेक्झिन चढवलं, 1,100 रुपये लागले. बैठक जमिनीपासून दीड फूट ठेवा. 10 फूट रुंदीच्या गाळ्यात तीनच खुर्च्या ठेवा. पाच ठेवल्या की पाच जणी बसतात आणि सगळ्यांची वाट लांबते.

या टप्प्याचा खर्च 3,300 रुपये.

वेळ सांगणं. याला काहीच खर्च नाही आणि उपयोग सगळ्यात जास्त. बाई थांबते, पण किती थांबायचं ते माहीत नसलं की चुळबुळ करते. दर दहा मिनिटांनी कोणीतरी पडद्याआड डोकावून विचारतं, "कितला टाइम लागी वं?" आणि आपण हातातलं काम न सोडता म्हणतो, "झालंच, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं पस्तीस होतात. त्याऐवजी भिंतीवर छोटी पांढरी पाटी लावा. त्यावर नाव नको, नंबर आणि अंदाजे वेळ लिहा: "3 नंबर, 4.20". वेळ लिहिताना आपल्या अंदाजात दहा मिनिटं मिळवा. 4.20 सांगून 4.15 ला बोलावलं तर बाई खूश होते, 4.10 सांगून 4.15 ला बोलावलं तर नाही.

> तपासा. आखाजीच्या किंवा कानबाईच्या आधीच्या शनिवारी, गर्दीच्या वेळी, ओळखीच्या एका बाईला तिथे अर्धा तास बसवा. तिने तीनपेक्षा जास्त वेळा जागा बदलली, पदराने वारा घेतला किंवा पडद्याकडे बघितलं तर खुर्चीची जागा चुकली आहे. ड्रायरची गरम हवा तिकडे येते का, तेही बघा.

लाइट गेली तर? ट्यूब, बल्ब, दोन पंखे, एक्झॉस्ट आणि स्पीकर मिळून भार अडीचशे वॅटच्या आसपास राहतो. चांगल्या स्थितीतली 150 अँपिअर-अवरची बॅटरी हे चार तास ओढते. कूलर जोडला की तीन तासही धरत नाही. ड्रायर, इस्त्री आणि वॅक्स हीटर इन्व्हर्टरवर लावूच नका.

## टप्पा 5: सुगंध, सगळ्यात शेवटी आणि थोडाच

इथवर आलात तर बहुतेक सुगंधाची गरज उरत नाही. तरी हवाच असेल तर एकच वास ठेवा, वर्षभर तोच. शाम्पू, क्रीम, नेलपॉलिश यांचे वास आधीच आहेत, त्यांत लिंबू, गुलाब आणि चंदन अशी गर्दी करू नका.

मला उन्हाळ्यात वाळा आवडतो. मूठभर वाळ्याची मुळं स्वच्छ धुऊन सुती कापडात बांधायची आणि ती पुरचुंडी कूलरच्या वाऱ्यासमोर लटकवून दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. वास येतो आणि जातो, साचत नाही. चार दिवसांनी उन्हात वाळवा, पंधरा दिवसांनी बदला. मोगऱ्याच्या दिवसांत बसायच्या जागी एका वाटीत पाण्यावर चार फुलं पुरतात. संध्याकाळी ती काढून टाका, रात्रभर राहिलेला मोगरा सकाळी सडका वास देतो.

देवपूजेची अगरबत्ती दुकान उघडताना, पहिल्या ग्राहकाच्या अर्धा तास आधी लावा आणि मग पंखा चालवून धूर काढून टाका. दिवसभर धूर ठेवला की दम्याच्या बाईला त्रास होतो. आणि पेटती उदबत्ती, कापूर किंवा दिवा हेअर स्प्रे आणि नेलपॉलिश रिमूव्हरच्या जवळ कधीही नको. दोन्ही चटकन पेट घेतात.

> तपासा. आठवडाभर सुगंध ठेवून दोन दिवस काढा. ग्राहकांना काही विचारू नका, नुसतं बघा. सुगंधाच्या दिवशी कोणी दाराजवळची खुर्ची मागितली, नाकाला रुमाल लावला किंवा "जरा दार उघडं ठेवा ना" म्हणालं, तर निम्मा करा. तरीही तेच झालं तर काढून टाका आणि पंखा तेवढा चालू ठेवा.